हातउसन्याची आठवण

आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर हे गाव आमच्या परिवारातील पुष्कळ वाचकांच्या ओळखीचे आहे. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात दोहोंत थोडी उर्दू मिसळून बोलायची, ही तेथील जुनी रीत. त्यामुळे एकाच वस्तूला तीन नावे असणे तेथे कुणाला नवल वाटत नाही. कागदपत्राशिवाय, व्याजाशिवाय, केवळ ओळखीवर दिलेल्या पैशाला आपण हातउसने म्हणतो. शेजारचा तेलुगू माणूस त्यालाच ‘चेबदुलु’ म्हणतो, आणि त्यातही ‘चे’ म्हणजे हातच आहे. मुसलमान शेजारी ‘कर्जे-हसना’ म्हणतात. तिन्ही शब्दांत सावकारीचा वास नाही. आणि नेमक्या याच पैशाची आठवण करून द्यायची वेळ आली, म्हणजे तिन्ही भाषांतील माणसे सारखीच अडखळतात.

सन २०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही काही दिवस त्या गावी मुक्कामास होतो. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते गृहस्थ शाळेत मास्तर. एका रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांनी फोन आमच्यापुढे धरला आणि म्हणाले, “हे जरा वाचा. पाठवू का नको, तीन दिवस ठरत नाही.” तो एका मित्राला लिहिलेला संदेश होता. मित्र बालपणापासूनचा, एका बाकावर बसलेला, आता कापसाचा शेतकरी. दोघे एकमेकांना ‘दादा’ म्हणतात आणि अरे-तुरेने बोलतात. जून २०२२ मध्ये पेरणीच्या तोंडावर बियाणे आणि खत यांसाठी मास्तरांनी त्यांना ३५,००० रुपये दिले होते. कापूस निघाला की देतो, एवढाच करार, आणि तोही ओसरीवर उभ्याउभ्या झालेला. जानेवारी २०२३ मध्ये १०,००० परत आले. पुढच्या सालचा कापूस पावसात भिजला आणि विषय तेथेच राहिला. आता मास्तरांच्या धाकट्या मुलीची नर्सिंगची फी फेब्रुवारीत भरायची होती.

संदेश असा होता: “आपणांस स्मरण असेलच की, आपण आमच्याकडून घेतलेल्या रकमेपैकी २५,००० रुपये दोन वर्षे लोटली तरी अजून परत केलेले नाहीत. निदान अर्धी रक्कम तरी लवकर पाठवावी, ही विनंती.”

भाषा शुद्ध होती, विनंतीही होती, शिवी तर कुठेच नव्हती. तरीही हा संदेश गेला असता तर त्या दोन घरांतील जाणे-येणे थांबले असते, असे आम्हांला वाटले. का वाटले, हे पाहण्यासाठी आम्ही त्यातला एकेक शब्द बाजूला काढून बसलो.

पहिला शब्द ‘आपण’. चाळीस वर्षे ज्याला ‘तू’ म्हटले त्याला अचानक ‘आपण’ म्हणणे हा मराठीत आदर नव्हे. ते दार लावून घेणे आहे. आपल्याकडे आई रागावली म्हणजे मुलाला ‘अहो साहेब’ म्हणते, त्याच जातीचा हा आदर. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा धोका नाही, कारण तेथे थोर-लहान सर्वांना एकच सर्वनाम. आपल्याला मात्र पहिल्याच शब्दाला निवड करावी लागते, आणि पैशाची गोष्ट निघाली की संकोचामुळे हात आपोआप ‘आपण’कडे जातो. नियम एवढाच की, रोज ज्या शब्दाने हाक मारता त्याच शब्दाने पत्रातही मारावी. जेथे रोजचे ‘तुम्ही’ आहे, उदाहरणार्थ व्याह्यांत किंवा वयाने मोठ्या स्नेह्याशी, तेथे ‘तुम्ही’च राहावे. तेथे सलगी दाखवण्यासाठी खाली उतरणेही तितकेच खटकते.

दुसरा शब्द ‘अजून’. तारीख लिहिली म्हणजे किती काळ गेला हे वाचणाऱ्याला कळतेच. ‘अजून’ त्यात काही भर घालत नाही, फक्त आवाज चढवतो. ‘निदान... तरी’ ही जोडी त्याहून वाईट. ‘निदान अर्धी तरी’ म्हणताना आपण नकळत सांगतो की पूर्ण देण्याची तुझी लायकी किंवा नियत नाही, हे आम्ही मनात धरून बसलो आहोत. ‘स्मरण असेलच’ मधला ‘च’ही असाच. त्याचा अर्थ असा की, तू विसरला नाहीस, जाणूनबुजून गप्प आहेस.

आणि शेवटचे म्हणजे वाक्याचा कर्ता. ‘आपण परत केलेले नाहीत’ या वाक्यात मित्र उभा आहे आणि त्याच्यावर क्रियापदाचे बोट रोखले आहे. मराठीला येथे एक फार सोयीची वाट आहे. ‘माझ्या वहीत २५,००० उरलेले दिसतात’ असे लिहिले की पैसे कर्ता होतात, वही साक्षी होते, आणि मित्र वाक्याबाहेर सुखरूप राहतो. मजकूर तोच, पण वाचणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. ही लपवाछपवी नव्हे. ज्या गोष्टीची आपल्याला खात्री आहे तेवढीच सांगायची, असा तिचा अर्थ. वहीत काय दिसते हे आपल्याला पक्के माहीत असते. मित्राच्या मनात काय आहे ते माहीत नसते.

मास्तर हसले आणि म्हणाले, “मग आधीचे बरे होते का?” आधीचे म्हणजे त्यांनी उन्हाळ्यात पाठवलेले दोन ओळींचे पत्र. त्यात लिहिले होते की हल्ली फार ओढाताण होते आहे, बघू कसे जमते ते. मित्राचे उत्तर तत्परतेने आले होते: “दादा, काळजी करू नको, देव सारे नीट करील.” या उत्तरावर मास्तर चार महिने मनातून धुमसत होते. आम्हांला मात्र त्या मित्राचा काही दोष दिसेना. त्याला सहानुभूती मागितली होती, ती त्याने दिली. आडून सुचवलेल्या गोष्टीचा हाच घोटाळा आहे. समोरच्याला ती कळली नाही तर आपण म्हणतो, तो कळून न कळल्यासारखे करतो, आणि कळली तर त्याला वाटते की एवढ्या जुन्या स्नेहात सरळ बोलायचाही विश्वास उरला नाही. तिसऱ्याच कुणाच्या बुडालेल्या पैशाची गोष्ट मित्रासमोर काढणे, हाही याचाच एक प्रकार, आणि तो सर्वांत कडू.

उसने देणारा आणि घेणारा यांच्या आठवणी सारख्या नसतात, हे अभ्यासकांनीही पाहिले आहे. लिंडा देझो आणि जॉर्ज लोवेनस्टाईन यांनी २०१२ मध्ये मित्र-नातलगांतील अशा खासगी कर्जांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. थकलेल्या कर्जाबद्दल देणाऱ्याने जे सांगावे आणि घेणाऱ्याने जे सांगावे त्यांत सारखी तफावत पडत होती, आणि देणाऱ्याच्या मनात किती सलते आहे याचा घेणाऱ्याला पुरता अंदाज नसे. यात लबाडीच असते असे नाही. देणाऱ्याच्या मनात तो आकडा रोज जागा असतो. घेणाऱ्याच्या मनात मात्र बँकेचा हप्ता, खतवाल्याची उधारी, मुलाची फी अशा रांगेत तो शेवटी उभा असतो, कारण मित्र काही घरी येऊन बसणार नाही याची त्याला खात्री असते. म्हणजे आपल्या चांगुलपणामुळेच आपला नंबर मागे पडतो! हे ध्यानात घेतले की ‘गरज सरो, वैद्य मरो’ असले काही मनात येण्यापूर्वी आपण थोडे थांबतो.

मग आम्ही नवे पत्र लिहावयास घेतले. मास्तरांनी पहिले वाक्य सुचवले, “वेचणी सुरू झाल्याचे कळले, आनंद झाला.” ते आम्ही काढावयास लावले. वरवर क्षेमकुशल वाटणारे हे वाक्य पैशाच्या पत्रात आले की त्याचा अर्थ ‘तुझ्या हाती पैसा येतो आहे यावर आमची नजर आहे’ असा होतो. शिवाय शेतातला कापूस म्हणजे खिशातला पैसा नव्हे. कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्के ओलावा हा हिशेबाचा पाया असतो, त्यापुढे बारापर्यंत भावात कपात होते, आणि बाराच्या वर ओलावा निघाला की माल घेतच नाहीत. त्या वेळी आदिलाबादच्या मार्केट यार्डातून भरलेली गाडी परत आणायची किंवा व्यापाऱ्याला पडेल त्या भावाने घालायची, एवढेच हाती राहते. पहिल्या वेचणीच्या कापसात ओलावा अधिक असतो. म्हणून दसरा-दिवाळीच्या तोंडावर ‘आता तुझ्याकडे पैसे आले असतील’ असे धरून लिहिणारा बहुधा चुकतो. जूनमध्ये पेरणीच्या वेळी आणि पोळ्याच्या आसपास तर हा विषय काढूच नये, तेव्हा शेतकऱ्याच्या घरात केवळ जाणेच असते. पत्र दिवाळीनंतर जावे आणि मुदत जानेवारीची असावी, हे यावरूनच ठरले.

मास्तरांची दुसरी सूचना अशी की, फीऐवजी घरात कुणाचे आजारपण आहे असे लिहावे, म्हणजे निकड दिसेल. खेड्यात खोटे आजारपण चार दिवस टिकत नाही, मित्राची बायकोच डबा घेऊन समाचाराला यायची! खरे कारण असेल तेवढेच सांगावे. आणि कारणच नसेल, केवळ आपले पैसे परत हवे असतील, तर तेही लाजण्यासारखे नाही.

अखेर जे पत्र ठरले ते मास्तरांच्या संमतीने येथे देत आहोत:

“दादा, रामराम. पैशाबद्दल लिहायचे आहे म्हणून हे वेगळे पत्र. जून २०२२ मध्ये बियाण्याच्या वेळी माझ्याकडून ३५,००० रुपये तुझ्याकडे आले. त्यांतले १०,००० जानेवारी २०२३ मध्ये मला पोचले. माझ्या वहीत २५,००० उरलेले दिसतात. तुझ्या हिशेबात काही वेगळे असेल तर सांग, माझ्याकडून टिपायचे राहिले असेल. धाकटीची फी फेब्रुवारीत भरायची आहे, तिला हे पैसे लावावेत असा विचार आहे. जानेवारीअखेर जमेल का? एकदम जमण्यासारखे नसेल तर किती आणि कधी ते तू ठरव, म्हणजे बाकीची सोय मी आतापासून करीन. उत्तर सवडीने दे, पण या महिन्यात दे. रविवारी जेवायला येतोच आहे. तेव्हा हा विषय मी काढणार नाही.”

यात काय आहे ते वाचकांनी पाहिलेच असेल. आकडा आणि तारीख स्पष्ट आहे, कारण अस्पष्ट आकड्याने भांडणे होतात. आलेले १०,००० आधी पोचते केले आहेत. ज्याने काही दिले आहे त्याला ते दिल्याचे श्रेय मिळाले की उरलेले देणे हलके वाटते. आपलीही चूक असू शकेल, अशी जागा ठेवली आहे. हप्ते पाडण्याचा अधिकार मित्राच्या हाती दिला आहे, मात्र उत्तराची मुदत आपल्या हाती ठेवली आहे. ‘जमेल तेव्हा दे’ असे लिहिले असते तर ते पत्र न लिहिल्यासारखेच झाले असते. शेवटचे रविवारचे वाक्य मास्तरांचे स्वतःचे. आम्हांला ते सुचले नव्हते, आणि साऱ्या पत्रात तेच उत्तम आहे.

पत्र कशावरून पाठवायचे, हाही प्रश्न लहान नाही. पूर्वीची माणसे पैशाचा मजकूर कार्डावर लिहीत नसत. कार्ड पोस्टमनपासून पानटपरीवाल्यापर्यंत सारे वाचतात, म्हणून असल्या पत्राला अंतर्देशीय किंवा बंद पाकीट लागे. अमेरिकेत तर १९७७ च्या एका कायद्याने वसुलीचा धंदा करणाऱ्यांना कर्जदाराशी पोस्टकार्डाने लिहिण्याची मनाईच केली. आज कार्डाची जागा फोनवरील मित्रमंडळांच्या गटांनी घेतली आहे. त्या गटात ‘काही लोकांना आठवण करून द्यावी लागते’ अशी ओळ टाकणे म्हणजे कार्डावर लिहून ते चावडीवर चिकटवणे. आवाजी संदेशही नको. खेड्यात तो कर्णा लावून घरातल्या सर्वांसमक्ष ऐकला जातो, आणि मित्राने ही उसनवारी घरात सांगितली असेलच असे नाही. लेखी मजकूर, एकट्याच्या नावाने, आणि सणाच्या शुभेच्छांपासून वेगळा पाठवावा. शुभेच्छांच्या पोटात तगादा सापडला की पुढच्या वर्षीच्या शुभेच्छाही माणूस भीतभीत उघडतो.

हे सारे चालले असता मास्तरांच्या वडील बंधूंनी मध्येच विचारले, “एवढा खटाटोप कशाला? तुकोबांनी खते इंद्रायणीत बुडवली, तसे सोडून द्यावे.” प्रश्न योग्यच होता. परंतु तुकाराममहाराजांच्या चरित्रात ही गोष्ट सांगतात तेव्हा अर्धी बाजू बहुधा गळते. वडिलार्जित देण्याघेण्याची खते त्यांनी बुडवली ती आपल्या वाटणीची. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाटणीची त्याच्या हाती दिली. जे दुसऱ्याचे आहे त्यावर उदार होण्याचा अधिकार त्यांनी घेतला नाही. मास्तरांच्या २५,००० मध्ये मुलीची फी होती. आणि सोडायचेच असेल तर तेही बोलून सोडावे. मनात सोडले, पण तोंडाने सांगितले नाही, तर मित्र आपल्याला पाहून रस्ता बदलतच राहतो.

गप्प राहण्याचा आणखी एक तोटा आहे, तो कायद्याचा. भारताच्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे, मागताच परत करायच्या अशा उसन्या रकमेसाठी कोर्टात जाण्याची मुदत पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षांची आहे. मास्तरांची ही मुदत सावधपणे धरली तर जून २०२५ मध्ये संपत होती, म्हणजे हाती सातच महिने होते. त्या मुदतीच्या आत घेणाऱ्याने ‘इतके देणे आहे’ असे लिहून सही केली, किंवा काही भाग देऊन तसे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजतात. लेख कुठल्या भाषेत आहे याला महत्त्व नाही, मराठीतील चिठ्ठीही चालते. सही मात्र हवी, आणि फोनवरील ओळीपेक्षा हातची चिठ्ठी निर्वेध. मित्रावर कोणी फिर्याद करावी म्हणून आम्ही हे सांगत नाही. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, भिडेने तीन वर्षे गप्प बसलेला माणूसच शेवटच्या महिन्यात कुणाच्या तरी सल्ल्याने घाबरून वकिलाची नोटीस धाडतो, आणि नोटिशीनंतर स्नेह राहत नाही. वेळीच गेलेल्या साध्या पत्राला जे उत्तर येते तेच पुरेसा कागद असते.

(जाता जाता: २०,००० किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेणे प्राप्तिकराच्या कायद्याला चालत नाही. दोघांचेही उत्पन्न शेतीचे असून कुणालाच कर लागत नसेल तर सूट आहे. मास्तरांनी पैसे बँकेतून दिले होते, म्हणून तारखेचा वाद तरी उरला नव्हता.)

पत्र गेले. चार दिवस काही आले नाही. रविवारी मास्तर ठरल्याप्रमाणे जेवायला गेले, आम्हीही बरोबर होतो. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी झाली, कापसाच्या भावावर बोलणे झाले, शाळेतल्या जुन्या गुरुजींची नक्कल झाली. पैशाचे नाव कुणी काढले नाही. निघताना मित्राने मास्तरांच्या हातात घडी घातलेला वहीचा कागद दिला आणि “घरी जाऊन बघ” म्हणाला.

कागदावर त्याच्या हातचा हिशेब होता. त्याप्रमाणे देणे २३,००० होते. मागल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मास्तर परीक्षेच्या कामावर बाहेरगावी असताना त्याने २,००० रुपये मास्तरांच्या पत्नीच्या हातात दिले होते. मास्तरांनी घरात विचारले. वहिनींना आठवले. “गॅस नि किराण्याला गेले ते. मी सांगितले होते तुम्हांला, तुम्ही पेपर तपासत होता.” मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आपली वही काढून त्यांनी २५,००० वर रेघ मारली आणि शेजारी २३,००० लिहिले.

कागदाच्या खाली मित्राने लिहिले होते की जानेवारीअखेर १३,००० आणि हरभरा निघाल्यावर १०,००० देईन, आणि सही केली होती. जानेवारीच्या २९ तारखेला १३,००० आले. उरलेले होळीनंतर, दोन वेळांत, आले. दुसऱ्या वेळी मास्तरांनी तोच कागद परत नेऊन दिला. पाठीमागे ‘सर्व पोचले’ असे लिहून खाली सही केली होती. मित्राने तो पाहिला, फाडला नाही, बियाण्याच्या पावत्यांच्या तारेला टोचून ठेवला.